चाळणीचे होल हाताने काढू नका

अकोल्यात डाळमिल पुष्कळ, त्यामुळे तुरीच्या ग्रेडरच्या चाळण्यांचे काम आमच्याकडे सतत असते. एका वर्कशॉपमधून आलेले ड्रॉइंग मला आठवते. ६०० × ३०० मिमीच्या, १.६ मिमी जाड पत्र्यावर ४ मिमीचे होल एकेक कॉपी करून मांडलेले. एक ओळ दोनदा पेस्ट झाली होती. पडद्यावर वर्तुळावर वर्तुळ, काही दिसेना; लेझर मात्र त्या ओळीवरून दोनदा फिरला आणि कडा जळाल्या. मग मिलवाले म्हणाले, "होल अर्धा मिमी वाढवा." सगळे पुन्हा काढावे लागले.

अशी जाळी सॉलिडवर्क्समध्ये दोन होलांतून उभी राहते. चाळणीचे होल तिरप्या मांडणीत, ६० अंशांवर असतात. दिशा तिरपी देऊन पॅटर्न केला तर जाळी समांतरभुज होते आणि एका बाजूने पत्र्याबाहेर जाते. म्हणून पहिला होल कोपऱ्यात घ्या. दुसरा, ६ मिमी पिचसाठी, ३ मिमी आडवा आणि ५.१९६ मिमी उभा सरकवा. दोन्ही एकाच कटमध्ये कापून `Linear Pattern` द्या: आडवे अंतर ६, उभे १०.३९२. आडव्या ९५ आणि उभ्या २६ प्रतींत ४,९४० होल बसतात. स्केचमधली वर्तुळे पॅटर्न करू नका, फाइल जड होते. कापलेले फीचर करा आणि `Geometry pattern` वर खूण ठेवा.

अंतरे मात्र समीकरणाने बांधा, आणि दुसऱ्या होलची सरक `pitch` व `row` च्या निम्मी ठेवा:

```
"dia" = 4
"pitch" = "dia" + 2
"row" = "pitch" * sqr(3)
```

नाहीतर व्यास ४.५ झाला की होलांमधली पट्टी दीड मिमीच उरते, पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी. पिच ६.५ झाल्यावर प्रतींची संख्याही बदलते: कडेला निदान १४ मिमी सोडून ८७ आणि २४, म्हणजे ४,१७६ होल.

अमरावतीहून गोल चाळणीचे काम आले की `Circular Pattern` लागतो, आणि तिथे फसगत ठरलेली. केंद्रापासून कडेपर्यंतची एकच ओळ ३६ वेळा फिरवली, तर आतले होल एकमेकांत घुसतात आणि बाहेरचे विरळ पडतात. प्रत्येक कड्याला स्वतंत्र पॅटर्न द्या: पिचइतक्या त्रिज्येवर ६ होल, दुप्पट त्रिज्येवर १२, मग १८. जाळी कडेपर्यंत सारखी भरते.

फ्रेमला कसायचे बोल्ट-होल बहुधा समान अंतरावर नसतात. आडव्या पट्ट्या चुकवायच्या असतात. तिथे स्केचमध्ये बिंदू ठेवा, कडेपासून मापे द्या आणि `Sketch Driven Pattern` ने होल त्यांवर बसवा. पट्टी सरकली तर बिंदूचे एक माप बदलायचे.

कटिंगला फाइल देण्याआधी लेझरवाल्याकडून पिअर्सिंगचा आकडा विचारून घ्या. तो होलांच्या संख्येशी, बोल्टचे होल आणि बाहेरची कड धरून, जुळला नाही तर पत्रा मशीनवर चढवू देऊ नका.