फाटकावरचा तक्ता कसा भरावा

गोदामाच्या फाटकावर मालाची गाडी येते. ड्रायव्हर खाली उतरतो, कागद पुढे करतो आणि म्हणतो, "दादा, लवकर करा." घाई ड्रायव्हरला असते. आपण घाई करायची नाही. तक्त्यात एकदा लिहिलेला नंबर पुढे हिशेबाच्या वहीत जातो, तिथून बिलात जातो. पोती कमी भरली तर सगळे जण तुमचाच तक्ता उघडून बघतात.

आज आपण खताच्या एका गाडीचे कागद वाचू या. माल मुंबईकडून जालन्याच्या बाजूला एका संघाच्या गोदामात आला आहे. ड्रायव्हरने दोन कागद दिले. एक चलन, म्हणजे माल पाठवणाऱ्याने दिलेला मालाचा कागद. दुसरी ई-वे बिलाची चिठ्ठी, म्हणजे तो माल रस्त्याने नेण्याची सरकारी नोंद. नावात बिल असले तरी ते पैशाचे बिल नव्हे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांहून अधिक किमतीचा कर लागणारा माल नेताना ही चिठ्ठी लागते. लहान मालाबरोबर ती नसेल, तर त्या रकान्यात "नाही" असे लिहावे. रकाना कोरा ठेवू नये. कोऱ्या जागेत मागाहून कोणीही काहीही लिहील.

प्रथम गाडीचा नंबर. तो कागदावरून उतरवायचा नाही. गाडीपुढे जाऊन पाटीवरून उतरवायचा आणि मग कागदाशी ताडायचा. आपल्या राज्यातल्या गाडीवर आधी एमएच, मग जिल्ह्याच्या कार्यालयाचे दोन आकडे, मग अक्षरे, शेवटी चार आकडे असतात. ०४ म्हणजे ठाणे, २० म्हणजे छत्रपती संभाजीनगर, २१ म्हणजे जालना. शेवटच्या चार जागी आकडेच येतात. तिथे गोल दिसला तर ते शून्यच समजावे, इंग्रजी ओ नव्हे. चिखलाने ३ चा ८ झालेला असतो, तेव्हा पाटी पुसून घ्या. मागची पाटीही पाहावी.

आपल्या चलनावर गाडी ०४ ची आहे आणि शेवटचे आकडे ४१२७ आहेत. पाटीवर मात्र २० आणि शेवटी ७३०६! ड्रायव्हर म्हणतो, "पहिली गाडी घाटात बंद पडली. माल ह्या गाडीत भरला. पोती तीच आहेत. चलनावरचाच नंबर लिहा ना, काय बिघडतंय?"

बिघडतं. जी गाडी फाटकातून आत आलीच नाही, तिचा नंबर लिहिला तर तो तक्ता खोटा झाला. माणूस खरं बोलत असेलही. वाटेत गाडी बदलणे गुन्हा नाही. पण गाडी बदलली की ई-वे बिलाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे भाग बी मध्ये, नवा नंबर भरावा लागतो. चलन छापील असते, त्यावर जुनाच नंबर राहतो. म्हणून नंबर जुळला नाही तर चलनाशी वाद घालू नये, ई-वे बिलाची ताजी चिठ्ठी मागावी. तिच्यात ७३०६ असेल तर ठीक. तक्त्यात पाटीवरचा नंबर लिहावा आणि शेऱ्यात "चलनावर ४१२७, वाटेत गाडी बदलली" असे लिहावे.

आता माल. चलनावर लिहिले आहे: युरिया २०० पोती, डीएपी १०० पोती, एकूण १४ टन. पुष्कळ जण ३०० ला ५० किलोंनी गुणतात आणि "१५ टन हवेत, कागद चुकला" म्हणून ओरडतात. कागद बरोबर आहे. डीएपीचे पोते ५० किलोंचे असते, पण युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोंचे झाले. २०० गुणिले ४५ म्हणजे ९००० किलो. १०० गुणिले ५० म्हणजे ५००० किलो. दोन्ही मिळून १४ टन. म्हणून प्रत्येक खताची पोती वेगळ्या ओळीत लिहावी. आणि एक लक्षात ठेवा. फाटकावर आपण पोती मोजलेली नसतात. तेव्हा आकड्यापुढे "कागदावरून" असे लिहावे. मोजलेला आकडा उतरवणी झाल्यावर गोदामातला माणूस लिहील.

कागदांवर नंबरही अनेक असतात. चलनाचा नंबर वेगळा, त्यात अक्षरेही असू शकतात. बिल्टीचा नंबर वेगळा. ई-वे बिलाचा नंबर नेहमी १२ आकडी असतो. आकडे मोजले की ओळख पटते. तो उतरवताना चार-चार आकड्यांचे तीन तुकडे करावेत, डोळा चुकत नाही.

सर्वांत अधिक गफलत मुदतीत होते. आपल्या गाडीच्या कागदांवर तीन तारखा आहेत. चलनाची तारीख ९ मार्च. चिठ्ठी काढल्याची तारीख १० मार्च, दुपारी ४. आणि "व्हॅलिड अपटो" या शब्दांपुढे १२ मार्च, रात्री ११:५९. तक्त्याला ही तिसरी तारीख हवी. तारखेत आधी दिवस, मग महिना, हेही विसरू नये.

ही मुदत कशी येते? अंतराच्या दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि उरलेल्या तुकड्यालाही एक दिवस. २०२१ पूर्वी दर १०० किलोमीटरला एक दिवस होता, म्हणून जुने लोक अजून तो हिशेब सांगतात. चिठ्ठीवर अंतर ३४० किलोमीटर आहे, म्हणजे दोन दिवस. पहिला दिवस ११ तारखेच्या मध्यरात्री संपतो, दुसरा १२ तारखेच्या मध्यरात्री. काढल्याचा दिवस त्यात धरत नाहीत. गाडी बदलली म्हणून मुदत वाढत नाही, ती पहिलीच चालू राहते.

आपली गाडी फाटकावर आली १३ मार्चला सकाळी सव्वानऊला. हातातल्या चिठ्ठीप्रमाणे मुदत संपून नऊ तास झाले! मुदत संपण्याआधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास, एवढ्या वेळात ती वाढवून घेता येते. म्हणजे सकाळी आठपर्यंतच. ड्रायव्हरला विचारले, तेव्हा तो खिशातून फोन काढून म्हणाला, "सहा वाजता वाटेत असतानाच मालकांनी वाढवून घेतली. कागद छापायला दुकान कुठं उघडं होतं?"

फोनवरची चिठ्ठी पाहिली. १२ आकडी नंबर तोच. मुदत वाढवली तरी नंबर बदलत नाही, म्हणून नुसता नंबर जुळवून जुनी आणि नवी चिठ्ठी ओळखू येत नाही. भाग बी मध्ये ७३०६ होता. "व्हॅलिड अपटो" पुढची तारीख पुढची होती. तीच तारीख आणि वेळ जशी दिसली तशी तक्त्यात लिहायची. शेऱ्यात "मुदत वाढवली, फोनवर पाहिली" असे लिहून कारकुनाला बोलवायचे. तो गोदामाच्या संगणकावर तो नंबर घालून खात्री करून घेईल. मगच फाटक उघडायचे. फोनवर चिठ्ठी नसती, तर आल्याची वेळ लिहून गाडी बाहेरच उभी ठेवायची आणि कारकुनाला कळवायचे. आत घ्यावी की नाही, हे ठरवणे आपले काम नव्हे.

तक्त्यात आणखी एक रकाना असतो, गाडीच्या परमिटचा. ते चलनावर शोधत बसू नये. ते गाडीचे स्वतःचे कागद, ड्रायव्हरकडे वेगळे असतात. त्यावरची अखेरची तारीख वेगळ्या ओळीत लिहावी. ई-वे बिलाची तारीख या रकान्यात पडली, तर महिन्याअखेरीस कारकून दोन्ही गाड्यांचे कागद पुन्हा मागवील.