घेतले नाही, तरी समन्स बजावलेच

कोर्टाचा कागद हातात घेतला नाही की केस आपल्यावर चालत नाही, असे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पारावर बसून आजही छातीठोकपणे सांगितले जाते. माझ्या मामांनी तेच ऐकले होते. पुढे फाईल पाहण्यापासून अपिलाच्या निकालापर्यंत मी त्यांच्यासोबत होतो, म्हणून हे लिहीत आहे.

मामांनी मेहकर तालुक्यातल्या आपल्या दोन एकरांची इसारपावती एकाला करून दिली होती. ठरलेल्या मुदतीत बाकी रक्कम आली नाही. मुदत वाढवून मागितली गेली, तीही उलटली, आणि व्यवहार मोडला असे मामांनी धरले. बऱ्याच दिवसांनी घेणाऱ्याने खरेदीखत करून मिळावे म्हणून दिवाणी दावा लावला. बेलीफ समन्स घेऊन दारात आला, तेव्हा मामा घरीच होते. ‘नाही घेत, काय करून घेता ते घ्या’ म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावले. पुढे मी विचारले, तर म्हणाले, ‘म्या कागद घेतलाच नाही, मंग कायची केस?’

केस चालली. बेलीफाने काय लिहून नेले होते, ते आम्हाला फार उशिरा, वकिलांनी फाईल पाहणीचा अर्ज दिल्यावर दिसले. समन्सच्या पाठीवर अहवाल होता: प्रतिवादी समक्ष भेटले, समन्स वाचून दाखवले, घेण्यास नकार दिला, सबब एक प्रत घराच्या दर्शनी दारावर चिकटवली. खाली दोन पंचांच्या सह्या होत्या आणि त्यातला एक शेजारीच होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5 प्रमाणे नकारानंतरची ही बजावणी कायदेशीर धरता येते. रजिस्टर पोस्टाचे पाकीट ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्याने परत गेले, तरी तोच परिणाम होतो. तुम्ही घरी नसाल आणि लवकर सापडण्यासारखे नसाल, तर सोबत राहणाऱ्या प्रौढ बायकोने किंवा सुनेने सही केली तरी चालते. घरगड्याची सही मात्र चालत नाही.

तारखेला पुकारा झाला, मामा नव्हते. न्यायालयाने दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश केला. एकतर्फी म्हणजे वादी मागेल ते आपोआप मिळते असे नाही. त्यालाही शपथपत्रावर पुरावा द्यावा लागतो, बाकी रक्कम द्यायला आपण कायम तयार होतो हे दाखवावे लागते. पण उलटतपासच नसेल, तर ‘तयार होतो’ हे वाक्य खोडणार कोण? हुकूमनामा झाला. मामा खरेदीखत करून देईनात म्हणून दरखास्त लागली. तिची नोटीसही मामांनी तशीच परतवली. शेवटी न्यायालयामार्फत खरेदीखत झाले. मामा जागे झाले ते तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आल्यावर.

आम्ही आदेश 9, नियम 13 खाली हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दिला. त्याला दोनच कारणे चालतात: समन्स रीतसर बजावलेच नव्हते, किंवा त्या तारखेला हजर न राहायला पुरेसे कारण होते. मुदत 30 दिवसांची. आम्हाला वाटले, आपल्याला कळले त्या दिवसापासून मोजू. वकिलांनी तिथेच थांबवले. कळल्याचा दिवस तेव्हाच धरतात, जेव्हा समन्स बजावले गेले नव्हते. बजावणी झालेली असेल, तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून दिवस सुरू होतात, आणि मग उशीर माफीचा वेगळा अर्ज लागतो. शेजाऱ्याने साक्षीत ‘माझ्यासमोर नकार दिला’ असे सरळ सांगितले आणि अर्ज फेटाळला गेला. त्याचा राग धरण्यात अर्थ नव्हता, तो खरे बोलला होता.

घटस्फोटाच्या एका प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार केला होता. रजिस्टर पोस्टाची नोटीस नाकारली गेली, वर्तमानपत्रातही नोटीस छापून आली, आणि तरी हजर न राहिलेल्या पक्षाला वर्षांनंतर एकतर्फी हुकूमनामा उलटवता आला नाही. याउलट बेलीफाने घरी न जाताच खोटा अहवाल दिला असेल, पंच कोण हेच कळत नसेल, घर भलत्याचेच असेल, तर नियम 13 चा अर्ज टिकू शकतो. म्हणून आधी तो अहवाल पाहावा, अर्जात काय लिहायचे ते मग ठरवावे.

दुसरा रस्ता हुकूमनाम्यावर अपिलाचा. तो आम्ही उशीर माफ करून घेऊन धरला. मामांच्या पेटीत घेणाऱ्याच्या हाताची एक चिठ्ठी होती, ‘पैशाची सोय झाली नाही, अजून मुदत द्यावी’ अशी. सगळ्या प्रकरणात त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम कागद तोच. पण अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत. खालच्या न्यायालयात प्रयत्न करूनही तो देता आला नसता, हे दाखवावे लागते. मामा तर तिथे गेलेच नव्हते. चिठ्ठी घेतली गेली नाही. शेवटी तडजोड झाली: घेणाऱ्याने ठरल्यापेक्षा थोडी जास्त रक्कम दिली आणि जमीन गेली.

म्हणून समन्स आले तर घ्या. सही म्हणजे दावा कबूल नव्हे, कागद मिळाला एवढाच तिचा अर्थ. सहीखाली तारीख आणि वेळ लिहा. सोबत दाव्याची नक्कल आहे का ते पाहा. नसेल तर तसे सहीजवळच लिहा. न्यायालयाचे नाव, दाव्याचा नंबर, हजर राहण्याची तारीख नीट वाचा. निशाणी 5 ची, म्हणजे तात्पुरत्या मनाईची नोटीस जोडलेली असेल, तर घाई जास्त आहे, कारण त्यावर आधी सुनावणी होते. लेखी कैफियत बजावणीपासून 30 दिवसांत द्यायची असते आणि कारण देऊन 90 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालाने त्यापुढेही थोडी वाट ठेवली आहे, पण त्यावर विसंबणारा माणूस वकिलालाही अडचणीत आणतो.

वकीलपत्रावर सही केली की आपले काम संपले, असेही समजू नका. services.ecourts.gov.in वर पक्षकाराच्या नावावरून किंवा 16 अक्षरी CNR क्रमांकावरून पुढची तारीख आणि झालेले आदेश पाहता येतात. तारीख चुकून एकतर्फी आदेश झाला, पण निकाल लागलेला नसेल, तर लगेच आदेश 9, नियम 7 खाली तो रद्द करून मागा. तिथे योग्य कारण दाखवले की बहुधा खर्च भरून परत उभे राहता येते. ते नाही जमले, तरी आहे त्या टप्प्यापासून पुढे भाग घेण्याचा, राहिलेल्या साक्षीदारांचा उलटतपास घेण्याचा हक्क 1955 पासून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला आहे. हुकूमनामा होईपर्यंत दार बरेच उघडे असते.

वकिलाची फी हे कारण असेल, तर तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन 15100. समन्स घेऊन त्याच आठवड्यात तिथे जा, आणि पेटीतले जुने कागदही सोबत न्या.