'रोन' काढा, 'रा' लावा : स्पॅनिशमधले 'जर-तर'

भिलाईत पावसाळ्यात सगळ्यांचे लक्ष शिवनाथ नदीकडे असते. ती दुर्गच्या कडेने वाहते. म्हणून स्पॅनिशच्या तासाला सरांनी आम्हाला भाषांतरासाठी दोन वाक्ये दिली, तीही पुरावरचीच होती.

पहिले वाक्य : पाणी वाढले तर पूल बंद करा.
दुसरे वाक्य : पूल आणखी उंच असता तर आम्ही तो बंद केला नसता.

माझी दोन्ही वाक्ये चुकली. पहिल्या वाक्याखाली सरांनी लाल शाईने लिहिले होते, "तुझा पहारेकरी उद्याच्या पाण्याची वाट बघणार नाही, कालचे पाणी मोजत बसेल." शब्द मला सगळे येत होते. चूक 'जर' नंतरच्या क्रियापदात होती आणि ती थेट मराठीतून आली होती. मराठी बोलणारा कोणीही तशी चूक करील, म्हणून हा लेख.

स्पॅनिश शब्द मी इथे ऐकू येतात तसे देवनागरीत लिहितो. स्पॅनिशमध्ये 'जर'ला 'सि' म्हणतात.

आधी दुसरे वाक्य घेऊ. पूल उंच नाही, हे बोलणाऱ्याला माहीत आहे. तरी तो क्षणभर तसे धरून बोलतो. मराठी व्याकरणात आपण आज्ञार्थ, विध्यर्थ यांच्याबरोबर 'संकेतार्थ' शिकतो. हा 'असता' त्यातलाच. स्पॅनिशमध्ये अशा न घडलेल्या गोष्टीसाठी 'सि'नंतर क्रियापदाचे एक वेगळे रूप येते. ते बनवायची रीत अशी :

क्रियापदाच्या साध्या भूतकाळातले 'ते सगळे' याचे, म्हणजे तृतीय पुरुषी अनेकवचनाचे रूप घ्या. त्याच्या शेवटी नेहमी 'रोन' असते. ते 'रोन' काढा आणि 'रा' लावा.

'आब्लारोन' म्हणजे ते बोलले. 'रोन' काढून 'रा' लावला की 'आब्लारा', म्हणजे तो बोलता. 'तुब्येरोन' म्हणजे त्यांच्याकडे होते. त्यावरून 'तुब्येरा', म्हणजे त्याच्याकडे असते. 'फुएरोन' म्हणजे ते होते. त्यावरून 'फुएरा', म्हणजे तो असता. पुढे पुरुषाप्रमाणे शेवट बदलतो : मी फुएरा, तू फुएरास, तो फुएरा, आम्ही फुएरामोस, तुम्ही फुएराइस, ते फुएरान. 'आम्ही'च्या रूपात जोर 'रा'च्या आधीच्या अक्षरावर येतो आणि लिहिताना तिथे स्वरचिन्ह द्यावे लागते.

मी सरांना विचारले, "सर, 'ते'च का? 'मी'चे रूप घेतले तर काय बिघडते? तेच आधी पाठ होते."

सरांनी फळ्यावर 'मागणे' हे क्रियापद लिहिले, 'पेदिर'. मी मागितले म्हणजे 'पेदि'. त्याने मागितले म्हणजे 'पिद्यो'. त्यांनी मागितले म्हणजे 'पिद्येरोन'. 'मी'च्या रूपात पहिले अक्षर 'पे' आहे आणि तृतीय पुरुषात ते 'पि' होते. 'मी'वरून निघालो तर 'पेद्येरा' तयार होते आणि ते चूक आहे. बरोबर रूप 'पिद्येरा'. झोपणे या क्रियापदाचेही तसेच. मी झोपलो म्हणजे 'दोर्मि', ते झोपले म्हणजे 'दुर्म्येरोन', म्हणून 'दुर्म्येरा'. सांगणे या क्रियापदाचे 'दिखेरोन', त्यावरून 'दिखेरा'. भूतकाळात क्रियापदाचा जो काही वेडेवाकडेपणा असेल, तो 'ते'च्या रूपात आलेला असतो आणि तसाच पुढे जातो. म्हणून या रीतीला एकही अपवाद नाही. 'ते'चे भूतकाळी रूप नीट पाठ असले की दुसरे काही पाठ करावे लागत नाही.

अपवाद का नाही, याचे कारण लॅटिनमध्ये आहे. लॅटिनमध्ये 'त्यांनी प्रेम केले' म्हणजे 'आमावेरुन्त', आणि 'त्याने प्रेम केले होते' म्हणजे 'आमावेरात'. दोन्ही 'आमाव' या एकाच अंगावर उभे आहेत. पहिल्याचे स्पॅनिशमध्ये 'आमारोन' झाले आणि दुसऱ्याचे 'आमारा'. म्हणजे 'रोन' आणि 'रा' हे एकाच घरचे आहेत. पुढे 'रा'चा अर्थ 'केले होते'वरून सरकून 'करता' असा झाला, पण अंग तेच राहिले. याच रूपाला 'रा'ऐवजी 'से' लावूनही लिहितात, जसे 'आब्लासे'. 'सि'नंतर दोन्ही चालतात. शिकताना एकच धरावे, 'रा' जास्त ऐकू येतो.

आता माझी चूक. मी लिहिले होते, 'सि एल पुएन्ते सेरिआ मास आल्तो, नो लो सेर्रारिआमोस.' वाक्याचा दुसरा भाग, 'आम्ही तो बंद केला नसता', बरोबर होता. त्या भागात 'रिआ'चे रूप येते. मी तेच 'रिआ' पहिल्या भागातही घातले, कारण मराठीत दोन्हीकडे एकच घडण असते : उंच 'असता', बंद केला 'नसता'. हिंदीतही 'होता तो करता' असे दोन्हीकडे सारखेच येते. स्पॅनिश मात्र दोन भागांना दोन वेगळी रूपे देते. अटीला 'रा', परिणामाला 'रिआ'. बरोबर वाक्य असे :

सि एल पुएन्ते फुएरा मास आल्तो, नो लो सेर्रारिआमोस.

गंमत अशी की ही चूक फक्त आपण करत नाही. उत्तर स्पेनमध्ये बास्क प्रदेश, बुर्गोस, ला रिओखा या भागांत जन्मापासून स्पॅनिश बोलणारे लोकही बोलताना 'सि'नंतर 'रिआ' वापरतात. पण प्रमाण भाषेत ते चूक धरतात आणि परीक्षेत गुण जातात.

आता पहिले वाक्य, 'पाणी वाढले तर पूल बंद करा'. इथे दुसरा सापळा आहे. मराठीत 'वाढले' हे रूप भूतकाळाचे दिसते, पण अर्थ पुढचा आहे. पाणी अजून वाढलेले नाही, वाढू शकते. मी 'वाढले' पाहिले आणि भूतकाळ घातला : 'सि सुब्यो एल आग्वा, स्येर्रेन एल पुएन्ते.' स्पॅनिशमध्ये याचा अर्थ 'पाणी वाढले असेल तर पूल बंद करा' असा होतो. म्हणजे पहारेकऱ्याने मागची खूण पाहायची, पाणी कालच चढून गेले का ते ठरवायचे. हुकूम मिळाल्यावर दोन तासांनी पाणी चढले, तर माझ्या हुकुमात त्यासाठी काहीच नाही. जी गोष्ट खरोखर घडू शकते, तिच्यासाठी 'सि'नंतर साधा वर्तमानकाळ येतो :

सि सुबे एल आग्वा, स्येर्रेन एल पुएन्ते.

इथेच 'सि सुब्येरा एल आग्वा' म्हटले असते तर? व्याकरणाने ते चूक नाही, पण सूर बदलतो. 'समजा, पाणी वाढलेच' असा तो सूर आहे. ऐकणाऱ्याला वाटते की सांगणाऱ्याला पाणी वाढेल असे फारसे वाटत नाही. वर्गातल्या चर्चेत ते चालेल. पहाऱ्यावरच्या माणसाला मात्र धोका खरा आहे हेच कळायला हवे, म्हणून हुकुमात 'सुबे'.

मग सरांनी तिसरे वाक्य दिले. 'काल पाणी वाढले असते तर आम्ही पूल बंद केला असता.' मराठीत 'असता' आजच्या पुलालाही चालतो आणि कालच्या पाण्यालाही. स्पॅनिश काळ वेगळा दाखवते. कालच्या, होऊन गेलेल्या गोष्टीसाठी 'उब्येरा' हे सहायक क्रियापद लागते. पण घाबरायचे कारण नाही, तेही आपल्याच रीतीने बनते : 'उब्येरोन'मधून 'रोन' काढले, 'रा' लावला.

सि उब्येरा सुबिदो एल आग्वा, आब्रिआमोस सेर्रादो एल पुएन्ते.

या एका ठिकाणी स्पॅनिश थोडी सूट देते. दुसऱ्या भागात 'आब्रिआमोस'ऐवजी 'उब्येरामोस'ही बरोबर धरतात. म्हणजे दोन्हीकडे एकच घडण, अगदी मराठीसारखी. मात्र ही सूट फक्त 'उब्येरा'ला आहे. तीच सवय पहिल्या भागात 'रिआ' घालायला वापरली की पुन्हा लाल शाई.

शेवटी कानाची एक गोष्ट. 'आब्लारा' हा शब्द देवनागरीत एकच दिसतो, पण स्पॅनिशमध्ये ते दोन शब्द आहेत. जोर 'ब्ला'वर दिला तर अर्थ 'तो बोलता'. जोर शेवटच्या 'रा'वर दिला तर 'तो बोलेल', म्हणजे साधा भविष्यकाळ, आणि लिहिताना त्या शेवटच्या स्वरावर चिन्ह असते. अटीच्या 'सि'नंतर भविष्यकाळ येत नाही. म्हणून अटीच्या वाक्यात जोर शेवटी गेला, तर एक तर ऐकण्यात चूक झाली किंवा बोलण्यात. फक्त 'सि'चा अर्थ 'की नाही' असा असेल तेव्हा भविष्यकाळ चालतो. 'नो से सि आब्लारा', जोर शेवटी, म्हणजे तो बोलेल की नाही मला ठाऊक नाही. तिथे अट नाहीच, फक्त शंका आहे.

आता मी भाषांतर करताना मराठी वाक्याला आधी एकच प्रश्न विचारतो : ही गोष्ट घडू शकते, की ती नाही हे मला माहीत आहे? घडू शकत असेल तर मराठीत 'वाढले' असले तरी वर्तमानकाळ. नाही हे माहीत असेल तर 'ते'चे भूतकाळी रूप आठवायचे आणि 'रोन'च्या जागी 'रा' लावायचा. मग वाक्याच्या पहिल्या भागात कुठे 'रिआ' शिरले आहे का, ते पाहायचे.

पुढच्या तासाला सरांनी नवीन वाक्य दिले : 'माझ्याकडे होडी असती तर मी पलीकडे गेलो असतो.' मी लिहिले, 'सि तुब्येरा उन बोते, इरिआ आल ओत्रो लादो.' या वेळी वहीत लाल शाई नव्हती. तुम्ही 'तुब्येरा' कुठून आले ते शोधून पाहा.