गेमिंगमधून एआयकडे: गुणोत्तराच्या चार्टवर पाहिलेलं

1. टोकनचा डॉलरमधला भाव बघून कुठला गट जोरात आहे हे ठरवू नये. बिटकॉइन वर गेलं की बहुतेक टोकन वर जातात, मग गेमिंगवालाही खूश आणि एआयवालाही. खरा फरक दिसतो तो एका भावाला दुसऱ्याने भागल्यावर. 28 ऑक्टोबर 2021 ला फेसबुकने कंपनीचं नाव ‘मेटा’ केलं, तेव्हा सँडबॉक्सचं टोकन एका डॉलरच्या आत होतं. नोव्हेंबरच्या 25 तारखेच्या सुमारास ते आठ डॉलरच्या वर गेलं. या काळात बिटकॉइन 69 हजारांना शिवून पुन्हा साठ हजारांच्या खालीच आलं होतं. म्हणजे ही तेजी बाजाराची नव्हती, गटाची होती. सँडला बिटकॉइनने भागलेला चार्ट हे पहिल्याच आठवड्यात सांगत होता.

2. गटाचा चार्ट काढताना भावांची बेरीज करायची नाही. ही चूक सर्रास दिसते. समजा, एक टोकन आठ डॉलरचं आणि दुसरं चार सेंटचं. बेरजेत दुसरं दुप्पट झालं तरी रेघ जागची हलत नाही. गट म्हणून आपण एकट्या महाग टोकनचाच चार्ट बघत बसतो. म्हणून मी भावांचा गुणाकार करते. त्यात प्रत्येक टोकनच्या टक्केवारीला सारखंच वजन मिळतं. ट्रेडिंगव्ह्यूच्या चिन्हाच्या चौकटीत हे सरळ टाइप करता येतं:

```
BINANCE:FETUSDT*BINANCE:RENDERUSDT/(BINANCE:AXSUSDT*BINANCE:SANDUSDT)
```

वर एआय, खाली गेमिंग. रेघ चढली तर एआय सरस. मात्र प्रत्येक बाजूला दोन टोकन असल्यामुळे आकडा फुगतो: एआय गट गेमिंगच्या दुप्पट झाला तर चार्टवर चौपट दिसतो. म्हणून लॉग स्केल लावायची आणि उंचीपेक्षा दिशा वाचायची. आणखी एक अडचण इतिहासाची. 2024 मध्ये रेंडरचं चिन्ह RNDR वरून RENDER झालं, त्यामुळे नव्या चिन्हाने काढलेली रेघ तिथूनच सुरू होते. त्याआधीचा काळ बघायचा तर जुनं चिन्ह शोधावं लागतं. आणि आज टिकलेली टोकनंच निवडून मागचा काळ बघितला तर गट होता त्यापेक्षा बळकट वाटतो, कारण बुडालेली टोकनं त्यात नसतातच.

3. गटाची रेघ वर असताना गटाच्या आत डोकवायचं. माझ्या मते या सगळ्यात हेच सर्वांत उपयोगाचं. 2021 च्या त्याच तेजीत ॲक्सी इन्फिनिटी हा गेमिंगचा मोठा मोहरा होता. त्याचं टोकन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 165 डॉलरच्या आसपास पोचलं आणि तिथून उतरू लागलं. सँडबॉक्स, डिसेंट्रालँड आणि गाला यांची शिखरं मात्र महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आली. मधल्या तीनेक आठवड्यांत गटाची एकत्र रेघ चढतच होती, पण तिला ओढणारे बदलले होते. आधी पुढे असलेलं टोकन बिटकॉइनच्या तुलनेत नवा उच्चांक करत नाही आणि मागून आलेली टोकनं उसळतात, तेव्हा मी नवी खरेदी थांबवते. विकायचंच असं नाही. ॲक्सीनंतर सँड आणखी बराच धावला. पण जानेवारी 2022 संपेपर्यंत तोही शिखराच्या निम्म्याखाली आला होता.

4. चढती रेघ म्हणजे नफा नव्हे. एआय गट दहा टक्के पडला आणि गेमिंग पंचवीस टक्के, तर 0.90 भागिले 0.75 म्हणजे 1.20. गुणोत्तर वीस टक्के वाढलं, खिशातले दहा टक्के गेले. म्हणून या चार्टशेजारी एआय भागिले बिटकॉइन हा दुसरा चार्ट उघडा ठेवते. दोन्ही रेघा आपापल्या दहा आठवड्यांच्या सरासरीच्या वर बंद झाल्या तरच गट बदलायचा विचार. रोजच्या चार्टवर हा खेळ खेळू नये, एका बातमीने तो उलटतो.

5. आता भारतातल्या माणसाचा हिशेब, जो परदेशी व्हिडिओंमध्ये कधी येत नाही. एक टोकन देऊन दुसरं घेतलं तरी आपल्याकडे ती विक्रीच धरली जाते. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, वर उपकर, आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. शिवाय विक्रीवर एक टक्का टीडीएस, जो पुढे करात वळता होत असला तरी तोवर अडकून राहतो. समजा गेमिंगमधून बाहेर पडताना 40 हजारांचा तोटा झाला आणि एआयमध्ये 50 हजार कमावले. हातात आले दहा हजार. कर मात्र पन्नास हजारांवर: 15 हजार, अधिक चार टक्के उपकर, एकूण 15 हजार 600. चार्ट अचूक वाचूनही 5 हजार 600 खिशातून गेले. त्यामुळे गेमिंग तोट्यात असेल तेव्हा मी ते विकून एआय घेत नाही. नवे पैसे येतील ते एआयकडे वळवते.