एकच चाचणी, दोन अडचणी

प्रश्न : सातवीच्या माझ्या वर्गात एका मुलाला डिस्लेक्सिया आहे, एका मुलीला अंधुक दिसतं. विज्ञानाचा पेपर कसा काढू? – एक शिक्षिका

उत्तर : ‘पुढीलपैकी कोणता पदार्थ उष्णतेचा सुवाहक नाही असे म्हणता येणार नाही?’ हा प्रश्न त्या मुलाचं विज्ञान नव्हे, वाचन तपासतो. ‘कोणत्या पदार्थातून उष्णता सहज वाहते?’ एवढंच विचारा. पर्याय एकाखाली एक लिहा.

मुलीसाठी झेरॉक्स मोठी करू नका. कागद अवाढव्य होतो, पुसट अक्षर पुसटच राहतं. फाइलमध्येच अक्षर १८ पॉइंट करा, नमुना आधी तिला दाखवा; काहींना २४ लागतो. आकृतीऐवजी वर्णन देताना मात्र जपा. तापमापी वाचायला सांगून ‘पारा ३८ वर आहे’ लिहिलंत, तर उत्तरच फुटलं! तिथे ठळक रेघांची मोठी आकृतीच द्या.