दोन महिन्यांचं बिल एकदम आलं तर

प्रश्न: घर बंद असल्यामुळे महावितरणच्या मीटरचं रीडिंग एक महिना झालं नाही. आता एकदम 240 युनिटचं बिल आलंय. ते बरोबर आहे का?

उत्तर: आधी चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा. घरगुती दराचा पहिला टप्पा महिन्याला 100 युनिटचा असतो. तुमचा वापर दोन महिन्यांचा, म्हणून 200 युनिट पहिल्या दराने आणि फक्त 40 दुसऱ्या दराने लागायला हवेत. समजायला सोपे म्हणून दर 5 आणि 11 रुपये धरू: 1000 अधिक 440, म्हणजे 1440. एकच महिना धरला असेल, तर 500 अधिक 1540, म्हणजे 2040. हे जादा 600 रुपये मुळीच सोडू नका, तक्रार करा. मधलं सरासरी बिल भरलं असेल, तर तेही वजा झालंय का, पाहा.