नखाखालील काळी रेघ : मुका मार की मेलानोमा?

प्रश्न : वय ५२ वर्षे. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली दोन महिन्यांपासून काळसर रेघ दिसते. मार लागल्याचे आठवत नाही. हा कर्करोग असू शकतो का?

उत्तर : नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते, कारण हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे दोन महिन्यांत डाग अंदाजे ६ मिलिमीटर टोकाकडे गेलेला आणि त्याच्या मागे मुळाशी स्वच्छ नख उगवलेले दिसावयास हवे. याउलट, नख जेथे तयार होते त्या मुळाकडील भागातील रंगपेशी रंगद्रव्य सोडत राहिल्यास मुळापासून टोकापर्यंत अखंड पट्टा उमटतो व तो सरकत नाही. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींत अनेक नखांवर असे फिकट, सम रुंदीचे पट्टे बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र प्रौढ वयात एकाच नखावर, विशेषतः अंगठ्यावर, नवा पट्टा उमटून तो ३ मिलिमीटरहून रुंद, मुळाशी अधिक पसरट किंवा अस्पष्ट कडांचा होत असेल, नख चिरत असेल अथवा काळेपणा भोवतालच्या त्वचेवर उतरला असेल, तर मेलानोमाची, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाची, शंका घ्यावी लागते. अर्बुदातूनही रक्तस्राव होऊ शकत असल्याने केवळ रक्त दिसल्याने ही शंका फिटत नाही. प्रस्तुत रेघ मुळापर्यंत अखंड असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडून डर्मोस्कोपी, म्हणजे भिंगाद्वारे तपासणी, विनाविलंब करून घ्यावी; अंतिम निदान मात्र नखाच्या मुळातील ऊतीच्या बायोप्सीनेच होते.